एकतीस तारखेची गाडी

सुखदेव कांबळे यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तीन-तीन कोटेशनं मागवण्यात. खिळे असोत की खुर्च्या, तीन बंद लिफाफे आल्याशिवाय त्यांनी कागदावर सही केली नाही. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी ती सवय सुटली नव्हती. भाजीवाल्याकडेही ते आधी पुढच्या गाडीवरचा भाव विचारून यायचे, आणि त्यांची बायको चंद्रभागा तोपर्यंत पिशवी धरून उभी राहायची.

पण या वेळी प्रकरण भाजीचं नव्हतं. चंद्रभागेच्या किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा बोपोडीहून दवाखान्यात डायलिसिसला जावं लागे. जाताना रिक्षा मिळायची, येताना मिळायची नाही. मिळाली तर खड्ड्याखड्ड्यांतून असे हादरे बसायचे, की घरी पोचेपर्यंत तिला दोनदा तरी उलटी व्हायची. एकदा तिने रिक्षातून उतरताना दांडा घट्ट धरला आणि ती म्हणाली, "अहो, मला फार काही नको. बसून जाता-येता येईल अशी एखादी छोटी गाडी बघा." जन्मात तिने मागितलेली ही बहुधा दुसरी गोष्ट असेल. पहिली प्रेशर कुकर होती.

सुखदेवांचा गुडघा क्लच दाबण्याच्या कामाचा राहिला नव्हता, म्हणून आपोआप गिअर पडणारी गाडी ठरली. पैसे बँकेत होते. घराजवळच्या शोरूममधून एक, खराडीतून एक आणि कात्रजहून एक अशी त्यांनी लेखी कोटेशनं आणली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर शेजारी शेजारी मांडली. गाडीची मूळ किंमत तिन्हींकडे सारखीच. आरटीओचा करही सारखाच. फरक होता तो खालच्या ओळींत. हँडलिंग चार्ज, अ‍ॅक्सेसरीज किट, वाढीव वॉरंटी, रंगावरचं कोटिंग आणि दुप्पट महाग विमा. "चोर खाली बसलेत," ते चंद्रभागेला म्हणाले. ती हसली. त्या दिवसांत ती हसायची.

सतरा ऑक्टोबरला ते जवळच्या शोरूममध्ये गेले. पूर्वा नावाची सेल्सची मुलगी पुढे बसली. दिवाळीची पंचवीस हजारांची सूट कागदावर होतीच. सुखदेवांनी कात्रजचं कोटेशन काढून पुढे सरकवलं. पूर्वाने ते वाचलं आणि आत साहेबांना विचारून हँडलिंग चार्ज खोडला. विमा बाहेरून घेणार म्हटल्यावर तोही खोडला, कारण तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती करता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. कोटिंग गेलं, वॉरंटी गेली. उरलं दहा हजारांचं किट.

"सर, गाडी यार्डात उभी आहे. पांढरी, एकच शिल्लक आहे. धनत्रयोदशीला घरी घेऊन जा," पूर्वा म्हणाली.

"आम्हाला मुहूर्त लागत नाही, बाई. आम्हाला कॅलेंडर लागतं," सुखदेव म्हणाले आणि उठले.

दिवाळीची सूट एकतीस तारखेपर्यंतच्या बिलांना लागू होती हे त्यांनी बारीक अक्षरांत वाचलेलं होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेल्सवाल्यांचं टार्गेट गळ्याशी येतं हेही त्यांना माहीत होतं. सणाची गर्दी ओसरलेली, एखादी गाडी कमी पडतेय, अशा वेळी गेलं की माणूस आपणहून नरम पडतो. हिशेबात चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. चूक असती तर बरं झालं असतं.

घरी चंद्रभागा म्हणाली, "दहा हजारच ना? घेऊन टाका. मला आता रिक्षात बसायचं जिवावर येतं."

"अगं, चौदा दिवसांचा प्रश्न आहे. सहा फेऱ्या."

तिने मान डोलावली. सहा फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन बारा रिक्षा, हे तिने बोटांवर मोजलेलं त्यांनी पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. एवढ्यासाठी कोणी टेंडर लवकर उघडत नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

एकतीस तारीख शुक्रवारी आली. डायलिसिसचा वार. शेजारच्या मुक्ताई म्हणाल्या, "मी जाते वहिनींबरोबर, तुम्ही गाडीचं बघा." सुखदेव अकरा वाजता शोरूममध्ये पोचले, खुर्चीत नीट बसले आणि मोबाईलचा आवाज बंद करून तो टेबलावर पालथा ठेवला. सौदा चालू असताना फोन उचलला की समोरच्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो, हा त्यांचा जुना नियम.

पूर्वा थकलेली दिसत होती. पांढरी गाडी अजून यार्डातच होती. साहेब म्हणजे आमोद गोखले, आज स्वतः बाहेर येऊन बसले.

"सर, किट गाडीला लागलेलंच आहे. आता ते काढायचं कसं?"

"लागलंय तर काढा. मी थांबतो."

"सीट कव्हरं, मॅट, सगळ्यांनाच लागतात हो. निदान वॉरंटी तरी घ्या, पुढे त्रास नको."

"कंपनीची आहे ती पुरे. मी माझ्या त्रासाचं बघून घेईन."

साहेब आत जाऊन आले. सुखदेवांनी कात्रजचं कोटेशन पुन्हा पुढे ठेवलं. चहा आला, त्यांनी घेतला नाही. पूर्वा हळूच बोलून गेली, "सर, आज एकच गाडी कमी पडतेय आम्हाला." साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती लाल झाली.

एक वाजायच्या आत सगळं पदरात पडलं. किट फुकट, वर आणखी आठ हजार कमी. सतरा तारखेपेक्षा अठरा हजार खाली, आणि एकही फालतू वस्तू गळ्यात पडली नाही. सुखदेवांनी ओळन् ओळ वाचली, चेक लिहून दिला, बिलावर सही केली. एकतीस वर्षांत एवढं स्वच्छ बिल त्यांच्या हातून गेलं नव्हतं. नंबर पडून मंगळवारी गाडी मिळणार होती. समाधानाने त्यांनी मोबाईल सुलटा केला.

मुक्ताईंचे अकरा फोन येऊन गेले होते.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांना सगळं कळलं. नेहमीचा रिक्षावाला फाटकात शिरला नाही, बाहेर रस्त्यावरच उतरा म्हणाला. चंद्रभागेने पाय खाली टाकला आणि त्याने रिक्षा पुढे घेतली. खुबा मोडला होता. तरुण डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या, की हाडं फार ठिसूळ आहेत, ऑपरेशन झेपेल असं वाटत नाही. डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच राहील, पण त्यांना आता आडवंच न्यावं लागेल. अ‍ॅम्ब्युलन्सने.

"गाडीत? सीट मागे पाडून?" सुखदेवांनी विचारलं.

"नाही हो काका. बसता येणार नाही त्यांना. यापुढे नाही."

चंद्रभागा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते आल्याचं कळल्यावर तिने मान वळवली. ओठ सुकले होते. तरी तिने त्यांच्या समाधानासाठी आधी सौद्याचंच विचारलं.

"काय झालं हो? सोडले का त्यांनी पैसे?"

बिल सदऱ्याच्या खिशात होतं. अठरा हजार हा आकडा सुखदेवांच्या जिभेवर आला आणि त्यांना त्याची किळस आली. तो तिच्यापुढे उच्चारायची त्यांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा ते भावाबद्दल खोटं बोलले.

"नाही गं. काहीच नाही सोडलं."

चंद्रभागेने डोळे मिटले. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मग तेव्हाच घ्यायची होती," ती म्हणाली.