बायजाबाईचा वाढदिवस

आमच्या शिरवण्याच्या महिला मंडळात जुन्या बायकांना जन्मतारखा नाहीत. कुणी होळीच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेली, तर बायजाबाई नारळी पौर्णिमेची. मी मंडळाच्या अ‍ॅपमध्ये तिची तारीख घातली ती त्या वर्षाच्या पौर्णिमेची. पुढच्या वर्षी शुभेच्छा दहा दिवस उशिरा गेल्या आणि बायजाबाई रुसून मंडळात यायची बंद झाली.

मी अ‍ॅप बनवणाऱ्या महाप्याच्या कंपनीत फोन लावला. तिथली संघमित्रा बोलली. "अ‍ॅपला तिथी शिकवा," मी म्हटलं.

"आजी, ते आमच्याकडून होणार नाही. तिथी सूर्योदयावर ठरते, कधी एखादी गळते, कधी दोन दिवस येते. आम्ही चौघंच आहोत. चुकलं तर आणखी कुणी रुसेल."

"मग पुढच्या वर्षी करा."

"तसं खोटं आश्वासन देत नाही. पण एक करता येईल. या वाढदिवसांचं 'दरवर्षी' बंद करा. नवीन कॅलेंडर आलं की प्रत्येकीची तारीख शोधून यादी बनवा. ती एकदम चढवता येते, मी दाखवते."

जानेवारीत आम्ही आठजणी कॅलेंडर घेऊन बसलो. कोण कुठल्या सणाला जन्मली, यावर दुपारभर हसलो. बायजाबाईला मुद्दाम बोलावलं होतं, पण ती आली नाही.

नारळी पौर्णिमेला सकाळी तिचाच फोन आला. "आवंदा तुझे मोबाइलला पुनव समजली गो."

"त्याला नाही समजत," मी म्हटलं, "आम्हीच बघून सांगितली."

"मंग संध्याकाली येतंय," ती म्हणाली.