उशिराचं व्याज

ताईला दोन प्रकारच्या माणसांचा मनस्वी कंटाळा होता. एक, मुदतीच्या दिवशी कागद घेऊन उगवणारी गिऱ्हाइकं; आणि दोन, फुकटात काम करून घेणारे नातेवाईक. तिचा धाकटा भाऊ दोन्हींत मोडायचा, आणि वर चहाही मागायचा.

आज मात्र त्यानं चहा मागितला नाही. जिना चढून आला, दाराशी चपला काढल्या आणि फायलींच्या थप्पीशेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसला. ताईच्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात दोनच खुर्च्या धड होत्या. तिसरीचा पाय डुगडुगायचा, आणि हा नेमका तिच्यावर बसला.

"आणलंस?" ताईनं चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

त्यानं पिशवीतून पगाराचा दाखला आणि चार-पाच पगारपत्रकं काढून टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे टाकलीच.

गोष्ट साधी होती. गेल्या आर्थिक वर्षात, साहेबाशी भांडण झालं असं सांगत, त्यानं पहिली नोकरी पाचव्या महिन्यात सोडली आणि पुढं दुसरी धरली. रिटर्न भरायच्या वेळी ताईला त्यानं फक्त दुसऱ्या नोकरीचा दाखला दिला. ताईनं विचारलंही होतं, "आणि आधीचं?" तो म्हणाला होता, "तिथलं काही नाही. ते नाव काढू नकोस." मुदतीचे दिवस होते, फोन वाजत होता, घरचंच म्हणून त्याचं रिटर्न सगळ्यांत शेवटी राहिलेलं. ताईनं आयकर खात्याकडचा त्याच्या उत्पन्नाचा उतारा उघडून बघायला हवा होता. बघितला नाही. लोहाराच्या घरी विळा मोडका, दुसरं काय!

परवा खात्याकडून त्याला सूचना आली: तुमच्या नावावर एका पगाराची नोंद आहे, ती रिटर्नमध्ये दिसत नाही. त्याच्या बायकोनं ती वाचली, तिचा जीव खाली-वर झाला आणि तिनं नवऱ्याला इकडं पिटाळलं.

"नोटीस आहे का गं ही?"

"अजून नाही. नुसती सूचना आहे. आपण होऊन सुधारलं तर दंडाचं लचांड बहुधा टळेल. नोटीस यायची वाट बघत बसलास तर मग मी काही सांगू शकत नाही." तिनं कॉम्प्युटर जागा केला. "आणि आजच करू. महिन्याचा शेवटचा दिवस आहे. उद्याचा एक दिवस उजाडला तरी व्याज अख्ख्या महिन्याचं लागतं."

"त्या कंपनीचं नाव टाकावंच लागेल?"

"अरे, पगार त्यांनी दिला. मग नाव काय माझं टाकू?"

ताई पहिल्यापासून सगळं भरू लागली. सुधारित रिटर्न म्हणजे चुकलेल्या ओळीवर ठिगळ नव्हे. पहिलं बाजूला ठेवून त्याच्या जागी अख्खं नवं ठेवायचं असतं. जुन्या रिटर्नचा पावती क्रमांक, तारीख, दुसरी नोकरी जशीच्या तशी, आणि आता पहिलीही.

आकडा आला तसा तो पुढं झुकला. "अठ्ठेचाळीस हजार? अगं, दोघांनीही कर कापला होता माझा!"

"कापला होता. पण दोघांनीही तुला करमाफीची रक्कम वेगवेगळी धरली, दोघांनीही खालच्या दरापासून मोजलं. माफी माणसाला एकदाच मिळते. दोन्ही पगार एकत्र आले की पहिला सगळा वरच्या दरात जातो. बासष्ट हजार चारशे होतात, त्यांनी कापलेले चौदा हजार चारशे वजा केले. हे उरले."

"आणि हे खाली?"

"व्याज. वर्षभरात हप्त्यांनी कर भरायला हवा होता, तो भरला नाहीस, त्याचे दोन हजार चारशे चोवीस. वर्ष संपल्यापासून आजवर आठ महिने, महिना एक टक्का, त्याचे तीन हजार आठशे चाळीस. पहिलं रिटर्न वेळेत भरलं होतं, म्हणून तिसरं व्याज नाही. देवाचे आभार मान."

"एवढं व्याज कशाचं पण?"

"उशिराचं."

तो हसला, पण त्या हसण्यात दम नव्हता. ताई पगारपत्रकं ताडून बघत होती. एकाएकी ती थांबली. चौथ्या महिन्याचा, जुलैचा, पगार निम्माच होता.

"हे काय? भांडण तर पाचव्या महिन्यात झालं ना? इथं पैसे का कापलेत?"

"बिनपगारी रजा होती."

"कसली रजा?"

"बाबांच्या दुखण्याची."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती काही केल्या होईना.

"साहेबाशी भांडण झालंच नव्हतं," तो टेबलाकडं बघत म्हणाला. "साहेब म्हणाला, सोमवारी आलास तर ये, नाहीतर येऊच नकोस. सोमवारी बाबांना श्वास लागला होता. मी गेलो नाही. मग त्यांनी राजीनामा लिहून घेतला. बाबांना सांगायचं कसं, की तुमच्यापायी नोकरी गेली? म्हणून भांडणाची गोष्ट रचली. ते गेल्यावर तीच राहिली."

ताईला आठवलं, साऱ्या पाहुण्यांसमोर ती त्याला काय बोलली होती. "डोकं गरम आणि खिसा थंड, याला कोण नोकरीवर ठेवणार?" सगळे हसले होते. तोही हसला होता. आता ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचा मुदतीचा महिना होता तो. रोज फोनवर ती म्हणायची, "तू आहेस ना तिथं? मग झालं." मुदत संपल्यावर पहिल्या गाडीनं ती बाबांकडं गेली, तेव्हा बाबांची वाचा गेलेली होती.

तिनं भरणा करायचं पान उघडलं, त्याच्याकडून कराचे अठ्ठेचाळीस हजार भरून घेतले आणि पुन्हा एक चलन काढायला घेतलं.

"दुसरं कशाला?"

"व्याजाचं. ते मी भरते."

"ताई, वेड लागलंय का? दाखला मी लपवला. उशीर माझा."

"उतारा मी बघितला नाही." तिनं पर्समधून आपलं कार्ड काढलं. "आणि उशीर कुणाचा, ते मला कळतं. गप बस."

दोन्ही चलनांचे क्रमांक तिनं रिटर्नमध्ये भरले. देणं शून्य दिसू लागलं. चौकोनी, हिरवं, निर्विकार शून्य. ते बघून तिला काहीच हलकं वाटलं नाही.

"बाबा माझी चौकशी करायचे?" तिनं पडद्याकडं बघतच विचारलं.

"रोज."

"तू काय सांगायचास?"

"सांगायचो, मुदत संपली की येते."

ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. पडद्यावरची अक्षरं तरीही पुसटच दिसत होती. तिनं रिटर्न पाठवलं. त्याचा फोन टेबलावर थरथरला.

"कोड आलाय," तो म्हणाला.

"सांग. सावकाश सांग."

त्यानं एकेक आकडा सांगितला. पहिल्या वेळी तिचा चुकला. त्यानं डुगडुगती खुर्ची ओढून तिच्या बाजूला घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.