चाळीसपैकी एक

फिजिओथेरपिस्ट बाईंनी परदेशातल्या पुनर्वसन केंद्राला लिहिलेल्या पत्राचं पहिलं वाक्य असं होतं : मी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सात वर्षं काम करत असून रोज चाळीस रुग्ण हाताळते.

केंद्राची अट वेगळी होती. अर्जासोबतचं पत्र एका पानाचं हवं आणि त्यात एकाच रुग्णाबद्दल लिहायचं : त्याला काय हवं होतं, तुम्ही काय केलंत, काय बदललं. बाईंनी ती अट वाचली होती, पण तिथल्या लोकांना कामाचा अंदाज नसेल असं समजून सोडून दिली होती. विभागप्रमुखांनाही पत्र आवडलं. चाळीसचे पंचेचाळीस करा, एवढीच सूचना त्यांनी केली. मुदत संपायला चार आठवडे होते. गेल्या दोन वर्षांत बाईंचे चार अर्ज उत्तराशिवाय गेले होते आणि हा पाचवा शेवटचा, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

खाडाखोड केलेला कच्चा मसुदा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो आपल्या एका रुग्णाला, निवृत्त हेडक्लार्क काकांना दिला. पक्षाघातानंतर काकांचा उजवा हात अजून अवघडलेलाच होता आणि कागद उलटणं हा बोटांचा चांगला व्यायाम असतो. पण उभी हयात दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात गेलेल्या माणसाच्या हाती अर्ज देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. काकांनी कागद उलटला नाही. वाचला.

"चाळीस," ते म्हणाले. "त्यात मी कितवा?"

"एकोणिसावे."

"मग एकोणिसाव्याला काय हवं होतं, ते कुठे आहे?"

बाईंनी केसपेपर काढला. उद्दिष्टाच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होतं : हाताची ताकद वाढवणे. त्याप्रमाणे काका सहा आठवडे इमानेइतबारे रबरी चेंडू दाबत होते. मूठ अशी घट्ट झाली होती की मध्यंतरी हस्तांदोलनात त्यांनी भाच्याला रडकुंडीला आणलं होतं.

"काका, तुम्हाला नेमकं काय हवंय?" बाईंनी विचारलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच.

काकांनी शेजारच्या बाकाकडे पाहून आवाज खाली आणला. "शर्टाची बटणं लावायचीत. रोज सकाळी ही लावते आणि लावता लावता बोलते. सहा बटणं होईपर्यंत हलता येत नाही हो."

बाईंचा चेहरा पडला. चेंडू दाबून मूठ आवळते. बटण काजात सरकवायला अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, आणि ती बटणं लावूनच येते. हे त्यांना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटात गेला. आधी जुन्या कोटाची मोठी बटणं, टेबलावर कोट पसरून. मग शर्टाची, तशीच. मग अंगात शर्ट घालून. काकू घरी घड्याळ लावून बसत. तिसऱ्या आठवड्याअखेर सहापैकी पाच बटणं अकरा मिनिटांत लागली. कॉलरचं बटण दाद देईना.

बाईंनी पत्र पहिल्यापासून लिहिलं. अडुसष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ, एवढीच ओळख दिली. काकांची लेखी परवानगी घेतली, तीही उजव्या हाताच्या सहीनं. आणि लिहिलं : सहा आठवडे मी चुकीचा व्यायाम दिला, कारण त्यांना काय हवं हे मी विचारलं नव्हतं.

विभागप्रमुखांनी हे वाक्य वाचून चष्मा काढला. अर्जात स्वतःची चूक लिहिणं म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं, आणि फिजिओथेरपिस्टनं तरी ते टाळावं, असं त्यांनी सुनावलं. बाईंनी काकांचं मत विचारलं.

"आयुष्यभरात हजारो अर्ज फायलीला लावले," काका म्हणाले. "एकातही कोणाचं काही चुकलेलं नव्हतं. म्हणून तर एकही आठवत नाही. राहू द्या ते वाक्य."

वाक्य राहिलं. पत्र मुदतीच्या दिवशी दुपारी गेलं. आणि घरी ठरलं होतं त्याप्रमाणे बाईंनी परदेशाचं नाव काढणं बंद केलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. गुरुवारी सकाळी व्हिडिओवर मुलाखत. नोंदणीचा दाखला आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल जवळ ठेवावा. चर्चा त्या सहा आठवड्यांपासून सुरू करू.

बाई अर्ध्या दिवसाची रजा मागायला प्रमुखांच्या खोलीत गेल्या आणि कारणही खरं सांगितलं. प्रमुखांनी सही केली. कागद लगेच परत दिला नाही. उठले, दार लोटलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"ते पत्र जरा मलाही पाठवा," ते म्हणाले. "त्यांच्याकडे वरिष्ठांचीही जागा आहे म्हणे."

"पाठवते सर. पण तुम्ही कोणत्या रुग्णाबद्दल लिहिणार?"

प्रमुखांनी खिडकीबाहेर, ओपीडीच्या रांगेकडे पाहिलं.

"बघतो," ते म्हणाले. "उद्या एखाद्याला विचारतो."