हजार शब्दांत आई

त्या घरात काहीही लिहून ठेवायची सोय नव्हती. सासऱ्यांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती, आणि सुटा पडलेला प्रत्यय दिसला की लाल पेनाने खालून कंस काढून तो मागच्या शब्दाला जोडायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. छापखान्यात त्यांना सगळे ‘डिंक’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. मनातून थोडे खूशही असावेत.

एकदा सुनेने फ्रिजवर चिठ्ठी लावली : ‘बाबा, गॅस वर दूध आहे, लक्ष ठेवा, मी पाच मिनिटांत आले च.’ ती परत आली तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली टपकत होतं, आणि बाबा फ्रिजपुढे उभे राहून ‘आले’ला ‘च’ जोडत होते. ‘गॅस’ आणि ‘वर’ यांचं आधीच जुळवून झालं होतं.

“बाबा, दूध!”

“अगं हो, पण ‘च’ कधी एकटा उभा राहतो का? सांग ना!”

अशा माणसाला आपण गोष्ट लिहिली आहे हे सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने मान पुढे करायची. तिने सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, कारण तो जेवताना बोलून मोकळा झाला असता. दुपारी सगळं आवरलं की ती फोनवर टाइप करायची, भाजी निवडता निवडता, अंगठ्याने. एका मासिकाची गोष्टींची स्पर्धा होती. हजार शब्द, एकही जास्त नाही, आणि गोष्ट पाठवायची ती त्यांच्या संकेतस्थळावरच्या चौकटीत.

गोष्ट तिच्या आईची होती. आई टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची, आणि घरी आली की स्वतः मात्र फोनपाशी बसून राहायची. मुलीचं लग्न झाल्यावर तिचा रोज फोन असायचा. बोलणं संपलं तरी आई फोन ठेवत नसे. मुलीने ठेवला की मग ठेवायची. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि या घरात तिच्याविषयी कुणी काही विचारत नव्हतं. वाईट कुणीच नव्हतं हो, फक्त विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणून तर ती लिहायला बसली.

शेवटच्या दिवशी दुपारी तिने गोष्ट कॉम्प्युटरवर घेतली, चौकटीत टाकली, आणि खाली लाल अक्षरं आली : शब्दमर्यादा ओलांडली आहे. थोडीथोडकी नाही, शंभराच्या वर. मुदत संध्याकाळी सहाची.

तिने विशेषणं उडवली. शेजारच्या बाईंना उडवलं, तसंही त्या कामाच्या नव्हत्या. पावसाची दोन वाक्यं गेली. तरी नव्वदच्या आसपास शब्द जास्तच. आता उरला होता तो फोनचा परिच्छेद. तो तिने निवडला, काढला, उरलेली गोष्ट वाचली आणि मुकाट्याने परत आणला. तो काढायचा तर मग पाठवायचं तरी काय?

इतक्यात मागून आवाज आला.

“‘घरा समोर’?”

सासरे चहाचा कप घेऊन उभे होते. चष्मा कपाळावरून नाकावर आला होता, म्हणजे संपलंच.

“बाबा, आज नको. हात जोडते.”

“मी कुठे काय बोललो?” ते म्हणाले. खुर्चीमागे उभे राहिले. कप एका हातातून दुसऱ्या हातात गेला. “फक्त तेवढं एक. नाहीतर मला आज झोप लागायची नाही.”

“घ्या, एवढं एक करा आणि जा!” ती चिडून म्हणाली आणि ‘घरा’च्या पुढची मोकळी जागा खोडली. ‘घरासमोर’ झालं.

खाली लाल आकडा एकाने उतरला.

तिने आकड्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“हे यंत्र मोकळ्या जागा मोजतं होय?” सासरे हळूच म्हणाले. “म्हणजे तुझे प्रत्यय वेगळे शब्द म्हणून मोजले जातायत. अगं, मग तुझी गोष्ट जास्त नाहीच आहे. विस्कटलेली आहे.”

सगळा घोटाळा फोनचा होता. त्यातला सुचवलेला शब्द निवडला की फोन त्याच्यापुढे आपणहून जागा सोडतो. ‘तिच्या’ निवडलं की जागा, मग ‘बरोबर’. ‘आई’ निवडलं की जागा, मग ‘साठी’. आणि सुनेला ते सुटंसुटंच बरं वाटत आलं होतं, वाचायला सोपं. इतकी वर्षं ती त्यावरून भांडत होती. आता मात्र गळ्याशी आलं होतं.

“बसा,” ती म्हणाली. “पण एक अट. तुम्ही फक्त जोडायचं. वाचायचं नाही.”

“जन्मभर पुस्तकं तपासली,” सासरे खुर्ची ओढत म्हणाले, “एक वाचलं असेल तर शपथ.”

ते पडद्यावर बोट ठेवायचे, ती खोडायची. ‘दुपार पर्यंत’. ‘आवाजा मुळे’. ‘आई सुद्धा’. ‘तिच्या बरोबर’. आकडा भराभर उतरत होता. सासरे रंगात आले होते, चहावर साय धरली होती.

“हे बघ, ‘टेबला खाली’. आता ‘टेबला’ असा शब्द कधी एकटा रस्त्यात भेटलाय तुला? तो वाकलाय बिचारा, कुणीतरी पाठीवर बसणार म्हणून. आणि तू त्याला तसाच वाकलेला ठेवून पुढे निघालीस!”

तिला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. तिने टेबलाखाली केलं आणि पुढच्याच ओळीत उत्साहाने ‘ती खाली गेली’मधलं ‘खाली’ही मागे चिकटवायला निघाली.

“अंहं! हात काढ. इथे कुणाच्या खाली? कुणाच्याच नाही. नुसतं खाली. ते सुटंच राहणार. आणि ‘पण’ बघून जोड. ‘मी पण’ म्हणजे मीसुद्धा असेल तर जोड, ‘परंतु’ असेल तर दूर ठेव.”

असं करत ते निम्म्यावर आले आणि आकडा अचानक वर चढला. सासऱ्यांनी ‘जातहोती’चं ‘जात होती’ करायला लावलं होतं. मग ‘आलीनाही’चं ‘आली नाही’. जे शब्द तिने सुचवलेल्यातून न घेता स्वतः घाईत टाइप केले होते, तिथे अंगठा मोकळ्या जागेच्या बटणावर पडलाच नव्हता.

“अहो बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?”

“नियमाच्या,” ते म्हणाले. “जोडायचं ते जोडायचं, सोडायचं ते सोडायचं. आपल्या सोयीचं तेवढंच करायला आपण काय पुढारी आहोत?”

ती दात-ओठ खात सोडवत गेली. ‘बसूनराहिली’, ‘बोलतनसे’, असे बरेच निघाले. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा सासऱ्यांचं बोट सावकाश चालायला लागलं. एका ओळीवर तर ते थांबूनच राहिलं. तिला वाटलं, दमले. सहा वाजायला पाचेक मिनिटं होती.

त्यांचं बोट शेवटच्या पूर्णविरामापाशी पोचलं. आकडा अजून लाल होता. अकरा शब्द जास्त.

“म्हणजे तुम्ही सोडवलेत तेवढेच,” ती म्हणाली. चिडायलाही वेळ नव्हता. गोष्टीतून एकेक शब्द हुडकत बसायलाही नव्हता. तिने खाली जाऊन शेवटचं वाक्य निवडलं : ‘आता मी कुणाशीही बोलले, तरी समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन खाली ठेवत नाही.’ मोजलं. बरोब्बर अकरा. डोळ्यांत पाणी यायला लागलं तसे तिने ओठ आवळले. “जाऊ दे. हे काढते.”

“ते काढायचं नाही.”

“बाबा, वेळ नाहीये.”

“मी सांगतो ना, त्याला हात लावायचा नाही!” छापखान्यातला आवाज होता तो. या घरात तिने कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “वर जा. दुसरा परिच्छेद. ‘जात होती’. चिकटव.”

“काय?”

“चिकटव म्हणतो ना.”

“अहो, पण ते चूक आहे! आत्ता तुम्हीच—”

“मला शिकवतेस?” ते म्हणाले. “चूक आहे हे माझ्याइतकं कुणाला माहितीये? चिकटव. आता ‘आली नाही’.”

कुठे कुठे काय सोडवलं होतं, ते त्यांना पाठ होतं. एकेक सांगत गेले. प्रत्येक वेळी तोंड असं करत होते की कुणी दाढ उपटतंय. दोनदा तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. ती खोडत गेली. ‘जातहोती’. ‘आलीनाही’. ‘बसूनराहिली’. असे अकरा झाले आणि आकडा हिरवा झाला. तिने बटण दाबलं. ‘आपली गोष्ट पोचली’ अशी ओळ आली.

“अकरा चुका,” सासरे म्हणाले. “स्वतःच्या हाताने. छापखान्यातले लोक असते तर हार घातला असता मला.”

“नाव माझं आहे बाबा. चुका माझ्या.”

“नाव कुणाचंही असो, कुठे आहेत त्या ते मला माहितीये ना. आज झोपेचं खोबरंच.”

“पण तुम्ही वाचणार नव्हता.”

ते उठले. थंड झालेला कप उचलला, साय बघितली, तो परत खाली ठेवला. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. आठ वर्षं ती या घरात होती, आणि चिठ्ठ्यांवर बोलले नसतील असा एक दिवस गेला नसेल. आता मात्र ते नुसती दाराची कडी चाचपत राहिले.

“तुझी आई,” ते म्हणाले, “रोज फोनवर काय बोलायची गं?”

ती खुर्चीतल्या खुर्चीत त्यांच्याकडे वळली.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “जेवलीस का, आणि काय केलं होतंस. एवढंच.”

“रोज?”

“रोज.”

सासरे परत आले, खुर्ची ओढून तिच्या समोर बसले.

“सांग,” ते म्हणाले. “सावकाश सांग. आता मर्यादा नाही.”