'पाहू' नावाची पळवाट

सोनगीरच्या मैदानावर मुलींच्या खो-खो संघाची नावं जाहीर झाली, आणि त्यात भाविकाचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

योगेंद्र त्या मुलींचा नवा प्रशिक्षक. पूर्वीचे प्रशिक्षक चुडामण नाना त्याला म्हणाले होते, "तू कसा शिकवशी, ते एका पानावर लिही. निवड, शिस्त, पोरीसले काय न् कसं सांगशी. पालकसभेत वाचजो."

त्यानं झकास लिहिलं. सर्वांगीण विकास, खेळाडूवृत्ती, समान संधी. नानांनी चष्मा काढला.

"हाई तुनं नही शे, भाऊ. हाई कोणलेबी चाली. ज्या वाक्यावर पोरं तुले धरतीन, तेच ठेव."

योगेंद्र घरी येऊन पुन्हा लिहायला बसला, आणि पहिल्याच ओळीला धरला गेला. 'निवडीचे निकष आधी सांगेन.' सांगितले होते का? 'नियम सर्वांना सारखा.' भाविका उशिरा आली तेव्हा तिला मैदानाच्या फेऱ्या, अन् डिंपल उशिरा आली की, ती चांगली पळते म्हणून, याचं घड्याळाकडे लक्षच नाही! दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आणि 'पाहू'. भाविकानं विचारलं होतं, "सर, मना नंबर लागी का?" तो म्हणाला होता, "पाहू." मोठ्या माणसांच्या तोंडी 'पाहू' म्हणजे नाही. लहान पोरीला ते कुठून ठाऊक? त्या एका शब्दावर ती मामाच्या गावालाही न जाता सुट्टीभर मैदानावर आली. तिला घ्यायचं नाही हे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. फक्त तिचा उतरलेला चेहरा पाहायची हिंमत नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं साधंच लिहिलं: 'निकष सराव सुरू होतानाच सांगेन. उशीर झाला तर आधी कारण विचारीन. फेऱ्या शिक्षा म्हणून देणार नाही. प्रत्येकीला एकटीला, काय जमलं अन् काय सुधारायचं, ते सांगेन. नाही असेल तर नाहीच म्हणेन.'

पालकसभेआधी तो भाविकाच्या दारात गेला. ती ओट्यावर शेंगा सोलत होती. त्यानं कागद वाचला, आपलं चुकलं म्हणाला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिचे डोळे चमकले.

"मंग आते मना नंबर लागी का?"

'पाहू' जिभेवर येऊन उभा राहिला. योगेंद्रनं तो गिळला.

"नाही, भाविका. तू पळतेस छान. पण पाठीला हात लागायच्या आधीच 'खो' म्हणतेस, अन् फाऊल होतो. तेवढं सुधारलं तर पुढच्या निवडीत पुन्हा बघेन, तेही याच निकषावर."

तिनं मान खाली घातली. शेंगा सोलता सोलता हळूच म्हणाली,

"इतलंच व्हतं, तं सुट्टी लागाना आगोदर काबरं सांगं नही, सर? सुट्टीभर तेच सुधारतू ना."