झाकणाच्या आतली ओळ

आमच्या रामदासला लिहायला सांगितलं की त्याचा हात दगडाचा होतो. पेपर मिलमध्ये उभा जन्म काढला, डोळ्यांसमोरून डोंगराएवढा कागद गेला, पण त्यावर दोन ओळी लिहायची वेळ आली की हा आपला माझ्या दारात हजर. नेपानगरच्या कॉलनीत लग्नपत्रिकेचा मजकूर, निरोप समारंभाची कविता, बारशाचं आमंत्रण, सगळं माझ्याकडून लिहून न्यायचे लोक. सरस्वतीबाई नावाला जागतात, असं म्हणायचे. मीही फुगायची. आता आम्ही बहीणभाऊ बुऱ्हाणपुरात भिंतीला भिंत लावून राहतो, आणि मला पत्रिका मागायला कुणी येत नाही. सगळं मोबाईलवर तयार मिळतं.

त्या दिवशी रामदास आला तो पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन. नवा कोरा, मोठा, घट्ट झाकणाचा.

"पूनमचा वाढदिवस येऊ राहिला, ताई. डब्यावर नाव घालून पाठवतो. काय लिहू सांग."

"तू काय ठरवलंस?"

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. 'चि. पूनमला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'

माझं डोकंच फिरलं. पूनम त्याची एकुलती एक लेक. वहिनी गेल्यापासून त्यानंच तिला वाढवलं. खकनारला दिली, आणि तिथं नवरा, दीपक, हात उचलतो. दोनदा माहेरी पळून आली. पहिल्यांदा समजूत काढून पाठवली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी भुसावळला होते; परत येईपर्यंत यानं तिला बसमध्ये बसवून दिलं होतं. "लोक काय म्हणतील" हे तीन शब्द त्याला पोटच्या पोरीपेक्षा मोठे झाले. दीड वर्ष ती त्याचा फोन उचलत नाही. हा एकदा खकनारला गेला, तर ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. माझ्याशी बोलते, तेही सासू शेजारी बसलेली असताना. एकदा सासू उठली तशी मी हळूच म्हटलं, माझ्याकडे निघून ये. ती म्हणाली, "तू नको बोलवू आत्या. ज्यांनी धाडलं त्यांनी बोलवावं." आणि अशा पोरीला हा हार्दिक शुभेच्छा देणार!

"हे तर नगरसेवकाच्या बॅनरवर पण असतं," मी म्हटलं. "तुला नक्की काय सांगायचं आहे तिला?"

तो डब्याकडे बघत राहिला. "ये म्हणायचंय," एवढंच बोलला.

मग मी चष्मा लावला आणि सरस्वतीबाई झाले. 'लेक माझी लाडाची, तुळस माझ्या अंगणाची, उघडं दार माहेराचं वाट पाहतं पावलांची.' यमक जुळलं, ताल जुळला. मी वाचून दाखवलं. रामदासचे डोळे भरून आले.

"फस्क्लास, ताई. हेच घालतो."

पण मोठ्यानं वाचताना माझ्याच कानाला ते खटकलं. रामदासनं जन्मात कुणाला तुळस म्हटलेलं नाही. पूनमनं हे वाचलं असतं तर पहिल्याच ओळीला म्हणाली असती, आत्यानं लिहिलंय. आणि एकदा ते कळलं की सगळंच पाण्यात. शिवाय ही ओळ कुठल्याही बापाची कुठल्याही लेकीला चालली असती. सगळ्यांना बसणारा झगा कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही. मी कागद फाडला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? यमक फार छान होतं.

"आता मी लिहीत नाही," मी म्हटलं. "तू बोल. तुझ्या आणि तिच्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही असं काहीतरी सांग."

"लहानपणी फार हुशार होती."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"मायाळू आहे."

"रामदास, सोयरीक जमवायला बसलास का? डोळ्याला दिसेल असं सांग. ती शेवटची आली तेव्हा काय झालं?"

त्यानं डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग तुटक तुटक बोलायला लागला. रात्री आली. एक हात सारखा डाव्या कानाला. दुखतो म्हणाली. यानं लसूण घालून तेल कोमट केलं, कानात सोडलं, कापूस लावला. सकाळी स्टँडवर घेऊन गेला. पूनमला लहानपणापासून बस लागते. नेपानगरहून गावी जाताना हा तिच्या नाकाशी लिंबू धरून बसायचा. त्या दिवशीही स्टँडवरून लिंबू घेतलं. खिडकीची जागा धरून दिली. लिंबू तिच्या हातात दिलं.

"तिनं काय केलं?"

"माझ्याकडं पाहिलं. लिंबाकडं पाहिलं. बस सुटली."

मी चष्मा काढून ठेवला. नरकात धाडताना हा माणूस मळमळ होऊ नये म्हणून लिंबू देतो. शिव्या द्याव्यात की जवळ घ्यावं, कळेना. मी शिव्या दिल्या. त्या त्यानं मुकाट ऐकून घेतल्या.

"हेच लिही," मी म्हटलं.

"लिंबू? वाढदिवसाला?"

"हो, लिंबू. आणि तेच पहिलं. शुभेच्छा वर घातलीस तर ती तिथंच डबा बाजूला ठेवील. कानाचं नको, सासरच्यांच्या हाती पडलं तर तिचेच हाल होतील."

मग बसलो दोघं. त्यानं बोलायचं आणि लिहायचं, मी फक्त खोडायचं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'परिस्थितीमुळे तुला लिंबू देऊन बसमध्ये बसवावं लागलं.' मी 'परिस्थितीमुळे' खोडलं. बसवायला परिस्थिती नव्हती आली, हा गेला होता. 'बसवावं लागलं'ही खोडलं, तेव्हा त्याच्या तोंडून 'मीच बसवलं' आलं. हे लिहिताना त्याचा हात थांबला, पण लिहिलं. मग 'काही चुकलं असेल तर माफ कर.' मी विचारलं, असेल तर? त्यानं तेही खोडलं. 'मनात आलं तर ये' असं होतं. मी म्हटलं, तिच्या मनावर ढकलू नकोस, तू काय करणार ते सांग. शेवटी चार ओळी उरल्या:

लिंबू देऊन बसमध्ये तुला मीच बसवलं.
माझं चुकलं.
घरी ये. परत पाठवणार नाही.
वाढदिवसाचा आशीर्वाद. बाबा

एकही शब्द माझा नव्हता. जन्मभर लिहिलं त्यात हे सगळ्यात बरं.

चौकातल्या भांड्यांच्या दुकानात निरंजन नाव घालतो. त्यानं कागद वाचला आणि आमच्याकडं बघितलंच नाही. धंद्यात मुरलेला माणूस. "बाहेरच्या बाजूला झाकणाला मधोमध मूठ आहे, एवढं बसणार नाही," म्हणाला. "आतून सपाट आहे. पण आतून कुणी घालत नाही."

"आतूनच घाल," मी म्हटलं. "बाहेर नुसतं नाव."

त्यानं आधी स्केचपेननं ओळी आखून अक्षरं काढली. जोडाक्षरं जरा मोठी काढली, नाहीतर ठिपके एकात एक मिसळून डाग पडतो. मग विजेची सुई लावली. ती घर्र घर्र करत स्टीलला बारीक टोचे मारत जाते. अक्षर म्हणजे नुसते ठिपक्याला ठिपके. "एकदा बघून घ्या काका," तो सुरू करण्याआधी म्हणाला. "स्टीलवर खोडता येत नाही." रामदासनं बघितलं. 'माझं चुकलं' वर सुई आली तेव्हा दुकानात दोन बायका शिरल्या, तसा रामदास झाकणासमोर आडवा उभा राहिला, त्यांना दिसू नये म्हणून. मला तेव्हा त्याचा रागच आला.

डबा घेऊन खकनारला मी एकटीच गेले. पूनम वाळली होती. डाव्या बाजूनं मी हाक मारली, तर तिनं मान वळवली नाही. मला वाटलं, रुसली. सासू, मनकर्णाबाई, खाटेवर ठाण मांडून बसलेली.

"बाबानं पाठवलाय," मी म्हटलं.

तिनं डबा बाजूला ठेवायला घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, झाकण काढलं आणि उलटं केलं. तिची नजर पहिल्या ओळीवर थांबली. ओठ हलले. तेवढ्यात दीपकनं मागून येऊन झाकण हातातून ओढलं. त्यानं सगळं वाचलं. झाकण घेऊन अंगणात गेला, आणि मग त्यावर दगडाचे घाव ऐकू आले.

"पूनम, पुढं असं आहे की..." मी घाईघाईनं म्हणाले.

तिनं हात वर केला. "नको आत्या. त्यांचं आहे ना? त्यांनीच सांगावं."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "च्या घ्या आन् निघा, तुमची बस आहे."

मिळाली ती बस धरून निघाले. घरी आल्यावर रामदासला सगळं सांगितलं. "म्हंजे 'चुकलं' वाचलंच नाही? नुसतं लिंबूच? आता तिला वाटेल, मी डागण्या देऊ राहिलो." त्यानं दोन दिवस धड खाल्लं नाही. मलाही वाटलं, लिंबू वर घेण्याचा हट्ट माझा. शुभेच्छा वर असती तर निदान झाकण तरी राहिलं असतं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा जाते म्हटलं तर म्हणाला, "नको, मीच जातो." पण चपला घालायचा आणि परत काढायचा.

चौथ्या दिवशी सकाळी पूनम आली. पायीच, स्टँडवरून. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात झाकण नसलेला डबा. ओठ फुटलेला. गल्लीत नळ आलेले, सगळ्या बायका बादल्या घेऊन बाहेर. ती ओट्याच्या पायरीशी थांबली, वर चढली नाही. रामदास दारात. मी माझ्या दारात.

"एवढंच वाचलं मी, लिंबाचं," ती म्हणाली. "ते तुमच्याशिवाय कोणी लिहीत नाही. पुढं काय होतं?"

रामदास पायांकडे बघून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

त्यानं गल्लीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि पुन्हा तसंच, तोंडातल्या तोंडात बोलला.

पूनमनं डावा कान त्याच्याकडे केला आणि त्यावर बोट ठेवलं. "हा गेला, बाबा. तुम्ही तेल घातलं होतं ना, तोच. पडदा तेव्हाच फाटला होता. दुसऱ्यातही घुमतं. मोठ्यानं बोला."

मी रामदासकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला बघवला नाही. कानात तेल घातलं त्याच हातानं त्यानं दाराची चौकट धरली होती. नळाचं पाणी बादलीतून वाहून चाललेलं, पण एकही बाई हलेना.

"माझं चुकलं!" तो ओरडला. आवाज फाटला. "पूनम, माझं चुकलं! घरी ये! परत पाठवणार नाही!"

गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल ते. पूनम तशीच उभी राहिली, ऐकू आलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग तिनं डबा पायरीवर ठेवला.

"अजून एकदा," ती म्हणाली.

आणि तो पुन्हा ओरडला.