टाकीवरची दुसरी वाट

माझं काम चोख असतं. हे मी स्वतःच सांगते, कारण आमच्या पाणीपुरवठा खात्यात दुसरं कुणी सांगायला येत नाही. पाणी आलं की लोक नळ सोडतात आणि नाही आलं की आम्हाला फोन करतात. मधल्या काळात आम्ही जिवंत आहोत का, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

मी कंट्रोल रूममध्ये नेटवर्क सांभाळते. नदीकाठचं पंपहाउस आमच्यापासून गाडीने तीन तासांवर आहे. तिथले पंप आम्ही इथे बसून चालू-बंद करतो, टाकीची पातळी इथेच पडद्यावर बघतो. हे सगळं एका फायबरच्या तारेवर चालतं. तार तुटली आणि दहा मिनिटं आमच्याशी बोलणं झालं नाही, तर पंप आपोआप बंद होतात. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण कुणी बघत नसताना पाइप फुटला तर निम्मं खोरं पाण्यात जाईल. पण मग पंप पुन्हा चालू करायला तिथे माणूस लागतो, हाताने बटण दाबायला.

तो माणूस म्हणजे काका. एकोणीस वर्षं पंपहाउसच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतात. बदली ऑपरेटर रिटायर झाला, त्याची जागा कुणी भरली नाही, आणि काका तिथे खिळ्यासारखे ठोकले गेले. एकुलत्या एका मुलीच्या लग्नालाही ते सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले.

आता त्या मुलीचे दिवस भरत आले होते. तिचा रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी आधीच दवाखान्यात ठेवून घेतलेलं. काकू महिनाभर तिच्यापाशीच होत्या. काकांनी आठ दिवसांची रजा मागितली आणि आमच्या साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवून मला बोलावलं.

"पंपहाउस आठ दिवस माणसाशिवाय ठेवता येईल का? हो की नाही तेवढंच सांग," साहेब म्हणाले.

"येईल. तिथल्या पंपांशी बोलायला दुसरी वाट केली की."

"आणि ती वाट चालते हे मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाहीतर रजा नामंजूर. मला वाईट वाटेल, पण नामंजूर."

साहेबांना वाईट वाटतं तेव्हा ते खरंच वाटतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

मी चार दिवसांत सगळं उभं केलं. सिमकार्डवर चालणारा मोडेम घेतला, फायबर ज्या कंपनीचं तिचं सिम मुद्दाम टाळलं. मोबाइलच्या नेटवर्कवर बाहेरून आत शिरता येत नाही, म्हणून पंपहाउसमधूनच आमच्याकडे टनेल लावलं, म्हणजे मोबाइलच्या गर्दीतून जाणारी दोघांपुरती बंद वाट. ती कायम उघडी राहणार आणि फायबर गेलं की सगळं बोलणं तिच्यावरून होणार. फायबर गेलं हे ओळखायला नुसता तारेचा दिवा बघायचा नाही, दर काही सेकंदांनी कंट्रोल रूमला हाक मारायची आणि उत्तर येतं का ते पाहायचं, कारण तार दूर कुठे तुटली तर जवळचा दिवा जळतच राहतो. आमच्या बाजूलाही टनेलसाठी वेगळी इंटरनेट लाइन. बॅटरी आणि तिचा चार्जर. कागदावर तर असं देखणं दिसत होतं की मी त्याचा फोटो काढला.

पाचव्या दिवशी साहेबांना घेऊन पंपहाउसवर गेले. साहेबांनी स्वतःच्या हाताने फायबरची तार उपटली. चाळीस सेकंदांत कंट्रोल रूममधून फोन आला, "पातळी दिसतेय, दोन नंबरचा पंप बंद करून चालू केला." साहेबांनी मान डोलावली आणि खिशातून पेन काढलं.

काका दारात उभे होते. त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम, एक सांगू का?"

"सांगा ना."

"तुमची लाइन तुटते ना, त्या दिवशी माझा फोनपण मुका होतो. ज्या कंपनीचं सिम तुम्ही त्या डबीत घातलंय, तेच माझ्या फोनमध्ये आहे."

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. चार दिवस जीव ओतून केलेलं काम, आणि सही होता होता हा माणूस मोडता घालतो! "काका, कंपनी वेगळी आहे. तार वेगळी, टॉवर वेगळा. तुम्हाला जायचंच नाहीये का?"

"जायचंय म्हणूनच सांगतोय," काका शांतपणे म्हणाले. "मी तिथे पोरीपाशी बसेन आणि इथे पाणी बंद पडेल. मग मला ना धड तिच्याकडे बघता येईल, ना इकडे. दोन वर्षांत लाइन सहा वेळा तुटली. सहाही वेळा फोन गेला. मी दर वेळी पोरीला फोन लावायला जातो, म्हणून मला माहीत."

साहेबांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. ते बघून माझा चेहरा पडला.

मी तिथूनच मोबाइल कंपनीला फोन लावला. तीन माणसांनी मला एकमेकांकडे टोलवलं. चौथा इंजिनियर होता, त्याने नकाशा उघडला आणि जरा ओशाळून म्हणाला, "मॅडम, टॉवर आमचा आहे, पण त्या खोऱ्यात आमची स्वतःची तार नाही. टॉवरपर्यंत तुमच्याच फायबर कंपनीची तार भाड्याने घेतलीय."

म्हणजे माझ्या दोन वाटा एकाच खड्ड्यातून जात होत्या. साहेबांनी उपटलेली तार भिंतीतली होती. खोऱ्यातली तार शाबूत होती, म्हणून टॉवर बोलत होता आणि माझी परीक्षा झकास पास झाली होती. कंपनीचं नाव वेगळं बघून मी खूश झाले, जमिनीखाली बघितलंच नाही. नेटवर्कमधलं हे बाराखडीतलं पहिलं अक्षर आहे, आणि ते मला काकांनी गिरवायला लावलं. लाज वाटली. काकांवर चिडल्याची जास्त वाटली.

"काका, माफ करा. मी उगाच बोलले."

"अहो, आमच्या घरात सगळ्याच बायका आधी चिडतात आणि मग ऐकतात. सवय आहे मला." मग म्हणाले, "पण लाइन तुटली तरी माझा फोन लागतो हं पोरीला."

"कसा काय?"

ते अंगणातल्या जुन्या उंच टाकीकडे चालू लागले. क्वार्टरना पाणी द्यायला बांधलेली, आता वर्षानुवर्षं कोरडी. साठीला टेकलेला हा माणूस लोखंडी शिडीवरून खारीसारखा वर गेला. मी मागून गेले. साहेब खाली थांबले आणि शिडी धरल्यासारखं करत राहिले.

वर काकांनी खिशातून दुसरा, जुना फोन काढला. "पोरीचं जुनं सिम. सासरी जाताना इथेच टाकून गेली. या कंपनीचा आपल्या टॉवरवर पत्ताच नाही, खाली शून्य दांड्या. इथे या कोपऱ्यात उभं राहिलं की तीन." त्यांनी नदीपलीकडच्या डोंगराच्या खिंडीकडे बोट केलं. तिथे धरणाच्या वसाहतीतला एक टॉवर काडीएवढा दिसत होता. "लाइन तुटली की मी इथे येतो. ती म्हणते, बाबा, टाकीवर चढू नका. मी म्हणतो, नाही चढत."

या वेळी मी आधी चौकशी केली. त्या टॉवरला आमच्या खोऱ्यातून तार जातच नव्हती. धरणापलीकडच्या गावातून त्याला बिनतारी जोडणी होती. वाट खरोखर वेगळी, अगदी डोंगराच्या दुसऱ्या बाजूने.

दोन दिवसांत काकांच्या त्या कोपऱ्यातच लोखंडी खांब ठोकला आणि खिंडीकडे तोंड केलेला अँटेना बसवला. अँटेनाची वायर लांब केली की सिग्नल वाटेतच संपतो, म्हणून त्या कंपनीचं सिम घालून मोडेमच वर पेटीत ठेवला आणि खाली साधी नेटवर्कची केबल आणली, वीजही तिच्यातूनच वर नेली. वीज पडण्यापासून बचावाची सोय केली. काका बाजूला उभं राहून "अजून दोन बोटं डावीकडे" असं सांगत होते आणि मीटर दर वेळी त्यांचंच खरं करत होता.

आता परीक्षा. भिंतीतली तार उपटण्याचा पोरखेळ पुरे झाला होता. फायबर कंपनीचं मंगळवारी अकराला दुरुस्तीचं काम होतं. मी त्यांना सांगितलं, आमच्या खोऱ्याची लाइन एक्स्चेंजमधूनच बंद करा, मोबाइल टॉवरसकट. मी कंट्रोल रूममध्ये, साहेब माझ्या खुर्चीमागे, काका पंपहाउसवर. अकरा वाजून दोन मिनिटांनी पडदा लाल झाला. साहेब घड्याळ बघत होते. दहा, वीस, पन्नास सेकंद. मग आकडे एकेक करून परत आले. मी एक नंबरचा पंप बंद केला, पुन्हा चालू केला.

फोन वाजला. "मॅडम, खालचा फोन मेलाय," काका ओरडून सांगत होते, "आणि पंप चालतोय! मी टाकीवरून बोलतोय!"

"उतरा आता," साहेब मागून म्हणाले आणि अर्जावर सही केली.

काका बुधवारी गेले. जाताना पंपहाउसच्या किल्ल्या माझ्या हातात तीनदा मोजून दिल्या. गुरुवारी त्यांच्या पोरीला मुलगी झाली, माय-लेकी दोघी ठीक. आम्ही कंट्रोल रूममध्ये आरडाओरडा केला.

शनिवारी दुपारी सव्वातीनला खोऱ्यात कुणीतरी रस्ता खणताना तार तोडली. पडदा लाल झाला आणि मी, खरं सांगते, हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही. त्रेपन्न सेकंदांत आकडे परत आले. पंप थांबलेच नव्हते. मी साहेबांना कळवलं, फायबर कंपनीला फोन केला आणि काकांना काही सांगायचं नाही असं ठरवलं.

चार वाजता काकांचाच फोन आला. मागे गाड्यांचे आवाज.

"मॅडम, शेजारच्या वाडीतल्या मित्राला फोन लावतोय, लागत नाही. लाइन तुटली ना? मी स्टँडवर आलोय. सहाची गाडी मिळाली तर नऊपर्यंत पोचतो. तोवर लोकांना—"

पिशवी भरून, दोन दिवसांच्या नातीला सोडून, हा माणूस बटण दाबायला निघाला होता. मला गलबलून आलं.

"काका, पिशवी खाली ठेवा आणि ऐका. दोन्ही पंप चालू आहेत. टाकी त्र्याऐंशी टक्के. पाऊण तासापूर्वीच तुटली लाइन, तुमच्या टाकीवरूनच चाललंय सगळं."

पलीकडे पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"पुन्हा एकदा सांगा," काका म्हणाले.

"टाकी त्र्याऐंशी. आता चौऱ्याऐंशी झाली."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच लाइन तुटूनही पाणी त्यांच्याशिवाय चढत होतं. त्यांनी नाक ओढलं, आणि मी ते ऐकलं नाही असं केलं.

"मग मी परत जातो," ते म्हणाले. "आंघोळ घालायची आहे नातीला. आज मी पाणी ओतणार म्हणून सांगून ठेवलं होतं."